डिस्चार्ज कार्ड, बिलाचा ब्रेकअप आणि मेडिक्लेमची पडताळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये मी बरीच वर्षं मेडिक्लेमच्या फायली लावल्या. कॅशलेसची सोय नसलेल्या दवाखान्यात आधी स्वतः पैसे भरायचे आणि मग कंपनीकडे मागायचे, त्या रीइम्बर्समेंटच्या क्लेमबद्दल लोक जे विचारायचे ते इथे लिहिलं आहे. कॅशलेसवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं, कारण कागद तेच असतात.

फाईल कंपनीकडे गेल्यावर तिथे नक्की काय बघतात?

लोकांना वाटतं, बिलाची बेरीज तपासतात आणि चेक काढतात. बेरीज तपासणं हे शेवटचं काम. आधी टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था, तिथला किंवा कंपनीचा डॉक्टर डिस्चार्ज कार्ड वाचतो. हा आजार पॉलिसीत बसतो का, वेटिंग पिरियड, म्हणजे काही आजारांना संरक्षण नसतं तो सुरुवातीचा काळ, संपला आहे का, भरती व्हायची खरंच गरज होती का, हे तो त्यावरून ठरवतो. मग बिलाचा ब्रेकअप कार्डाशेजारी ठेवतो. कार्डावर दुर्बिणीतून अपेंडिक्स काढल्याचं लिहिलं असेल, तर बिलात शस्त्रक्रियेची फी, भूल, ओटी चार्जेस आणि बायोप्सी हे दिसायला हवं. बायोप्सीचं बिल आहे पण रिपोर्ट नाही, किंवा रिपोर्ट आहे आणि बिल नाही, की लगेच क्वेरी येते, म्हणजे कंपनी खुलासा मागते.

शंका राहिली तर तिसरा कागद मागवतात. तो म्हणजे इनडोअर केस पेपर, आमच्या भाषेत आयसीपी. भरती झाल्याच्या मिनिटापासून आरएमओने म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने, सिस्टरने आणि मोठ्या डॉक्टरांनी हाताने लिहिलेल्या नोंदी त्यात असतात. डिस्चार्ज कार्ड शेवटी टाईप होतं, केस पेपर मात्र उपचार चालू असताना लिहिला जातो. म्हणून दोन्हींत फरक आढळला, तर कंपनी केस पेपरवरच विश्वास ठेवते.

डिस्चार्ज कार्डात काय काय असायला हवं?

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने डिस्चार्ज समरीचा, म्हणजे या कार्डाचा, एक ठरावीक नमुना बऱ्याच वर्षांपूर्वीच दिलेला आहे. छोट्या दवाखान्यांत अजूनही एका पानाचं छापील कार्ड देतात आणि त्यात अर्ध्या गोष्टी गाळलेल्या असतात. दवाखाना सोडण्याआधी बाकड्यावर बसून या गोष्टी बोट ठेवून वाचा: पॉलिसीवर आहे तसंच नाव, वय, आयपीडी नंबर, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख आणि वेळ, भरतीच्या वेळच्या तक्रारी व त्या किती दिवसांच्या, पूर्वीचे आजार, अंतिम निदान, केलेले उपचार, पुढचा सल्ला, आणि डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक.

वेळ मी मुद्दाम लिहिली. डे-केअर सोडून बाकी क्लेमला सलग २४ तास भरती लागते. एका आजोबांना आम्ही मंगळवारी सकाळी अकराला भरती केलं आणि बुधवारी दुपारी एकला सोडलं. कार्डावर वेळच नव्हती आणि बिल मात्र बुधवारी सकाळी साडेनऊला निघालं होतं. कंपनीने बिलाची वेळ धरली आणि भरती साडेबावीस तासांची ठरली. शेवटी सिस्टरच्या चार्टवरची दुपारी बाराची बीपीची नोंद पाठवली, तेव्हा कुठे क्लेम मंजूर झाला. दोन महिने मात्र त्यातच गेले.

‘भरतीची गरज नव्हती’ असं म्हणून क्लेम नाकारतात, ते कशावरून?

कार्डावरूनच. ‘ताप, अशक्तपणा. तपासण्या केल्या. गोळ्या देऊन घरी सोडले’ एवढंच लिहिलं असेल, तर वाचणारा डॉक्टर म्हणणार की हे ओपीडीत झालं असतं. निव्वळ तपासण्यांसाठी किंवा देखरेखीसाठी झालेली भरती बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

त्याच पेशंटला चार दिवस ताप असेल, उलट्यांमुळे पोटात काही टिकत नसेल, प्लेटलेट रोज उतरत असतील आणि म्हणून सलाईन लावलं असेल, तर हे सगळं कार्डावर यायला हवं. डॉक्टरांना ते माहीत असतं. पण कार्ड टाईप करणारा मुलगा आधीच्या पेशंटच्या कार्डावर फक्त नाव बदलतो, असंही होतं. रोजचे प्लेटलेटचे आकडे तारखेसह कार्डात टाकून मागा. त्यात डॉक्टरांना अपमान वाटण्यासारखं काही नाही.

कार्डावर ‘बीपी पाच वर्षांपासून’ असं लिहिलं आहे. पॉलिसी तीन वर्षांची आहे. आता काय होईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा कॅज्युअल्टीत झालेली असते.

रात्री दोनला पेशंटला आणतात. आरएमओ विचारतो, ‘बीपी, शुगर काही आहे का?’ सोबत आलेला पुतण्या घाबरलेला असतो, तो म्हणतो, ‘काकांना बीपी आहे, असेल चार-पाच वर्षं.’ आरएमओ केस पेपरवर ‘के/सी/ओ एचटीएन, पाच वर्षे’, म्हणजे पाच वर्षांपासून बीपीचा पेशंट, असं लिहून मोकळा होतो. तेच कार्डात उतरतं. काकांची गोळी प्रत्यक्षात दीड वर्षापूर्वी सुरू झालेली असते. कंपनीच्या नजरेला मात्र एवढंच दिसतं, की पॉलिसी घेताना बीपी होतं आणि फॉर्मवर सांगितलं नाही.

म्हणून पहिला नियम हा, की भरतीच्या वेळी पूर्वीच्या आजाराचा काळ माहीत असेल तरच सांगायचा. माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही, फाईल बघून सांगतो’ म्हणायचं आणि सकाळी आठवणीने सांगायचं.

चूक होऊनच गेली असेल, तर बीपीची गोळी पहिल्यांदा कोणी आणि कधी लिहून दिली तो कागद शोधा. फॅमिली डॉक्टरची पहिली चिठ्ठी किंवा त्याआधी केलेल्या एखाद्या तपासणीत बीपी नॉर्मल असल्याची नोंद, असं काहीही चालतं. तो कागद दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर खुलासा घ्या: मूळ नोंद कोणी दिलेल्या माहितीवरून झाली होती, ती का चुकीची आहे आणि कोणता कागद पाहून दुरुस्ती केली. नुसतं ‘पाच वर्षे वाचू नये, दीड वर्ष वाचावे’ एवढं पत्र कंपनी बाजूला ठेवते, आणि माझ्या मते बरोबरच करते. केस पेपरवर खाडाखोड करून घेण्याच्या फंदात तर पडूच नका. मूळ पानाची प्रत कंपनीकडे आधीच पोचलेली असू शकते, आणि मग साध्या चुकीची फसवणूक होऊन बसते.

काळ खरोखरच पाच वर्षांचा असेल, तर तो बदलून मागायचा नाही. त्याऐवजी आताचा आजार आणि बीपी यांचा संबंध आहे का, ते बघा. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून इतर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाच वर्षांवर आणली.

‘डिटेल्ड बिल’ म्हणजे काय? आमच्याकडे बिल तर आहे.

तुमच्याकडे बहुधा एका पानाचं बिल आहे: खोली एवढे, औषधं एवढी, ऑपरेशन एवढं, एकूण एवढं. ते अंतिम बिल. ब्रेकअप म्हणजे त्यातल्या प्रत्येक आकड्याची फोड. खोली कोणत्या प्रकारची, किती दिवस, काय दराने. व्हिजिट कोणत्या डॉक्टरांच्या, कोणत्या तारखांना. तपासणी कोणती, कधी आणि केवढ्याला. ‘पॅकेज ४५,०००’ किंवा ‘इतर खर्च ६,०००’ अशा ओळींवर हमखास क्वेरी येते. ‘इतर’ हा शब्द दिसला की काउंटरवरच थांबा आणि फोड मागा. पंधरा दिवसांनी मागायला गेलात, तर बिल करणारा मुलगा सुट्टीवर असतो.

बिलाला क्रमांक असावा आणि पैसे भरल्याच्या पावत्या वेगळ्या असाव्यात, त्यांवरही क्रमांक असावा. बिल म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा नव्हे. ॲडव्हान्स दोनदा भरला असेल तर दोन्ही पावत्या जोडा, त्यांची बेरीज अंतिम बिलाशी जुळली पाहिजे. एक आणखी गोष्ट. एका उपचाराचे २ लाख किंवा त्याहून जास्त रुपये रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. मोठी रक्कम खात्यातूनच द्या, पुरावाही आपोआप तयार होतो.

बिल ८८,७०० रुपयांचं होतं. कंपनीने ६४,५५० दिले. बाकीचे गेले कुठे?

एक नमुना हिशेब करून दाखवतो. पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. पेशंट तीन दिवस ४,५०० रुपयांच्या खोलीत राहिला. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. बिल असं:

- खोली, ३ दिवस: १३,५००
- सर्जनची फी: ३०,०००
- भूलतज्ज्ञ: ९,०००
- ओटी चार्जेस: ९,०००
- डॉक्टरांच्या व्हिजिट: ३,०००
- औषधं आणि साहित्य: १६,२००
- तपासण्या: ७,५००
- रजिस्ट्रेशन आणि फाईल: ५००

खोलीचे ३,००० च्या दराने ९,००० मिळाले, म्हणजे ४,५०० कापले. इथवर सगळ्यांना समजतं. पण महागडी खोली घेतली की तिच्यासोबत सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट यांचेही दर चढतात, असं कंपनी धरते आणि त्याच प्रमाणात तेही कापते. ४,५०० पैकी ३,००० म्हणजे दोन तृतीयांश. या चार ओळींचे मिळून ५१,००० होतात, त्यातले ३४,००० मिळाले आणि १७,००० गेले. औषधांत हातमोजे, डायपर असं न मिळणारं साहित्य २,१५० रुपयांचं निघालं. रजिस्ट्रेशनचे ५०० गेले. औषधं आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही, म्हणून औषधांचे उरलेले १४,०५० आणि तपासण्यांचे ७,५०० पूर्ण मिळाले. एकूण ६४,५५०.

म्हणजे खोलीसाठी रोज १,५०० जास्त मोजले, तीन दिवसांचे ४,५००, पण खोलीपायी खिशातून गेले २१,५००. हे पेशंटला क्लेमचे पैसे आल्यावर कळतं, भरतीच्या दिवशी नाही. खरी रड तीच आहे.

इथे एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. बऱ्याच छोट्या नर्सिंग होममध्ये सर्जनची फी आणि ओटीचे दर खोलीनुसार बदलतच नाहीत. जनरल वॉर्ड असो की स्पेशल रूम, अपेंडिक्सचे तेच पैसे. अशा दवाखान्याला प्रमाणशीर कपात लावायची नाही, असं बहुतेक पॉलिसींच्या अटींतच लिहिलेलं असतं. आयसीयूच्या चार्जेसनाही ती लावत नाहीत. दवाखान्याकडून दरपत्रक आणि ‘आमचे दर खोलीनुसार बदलत नाहीत’ असं पत्र घेऊन कपातीवर हरकत घ्या. या उदाहरणात तेवढ्या पत्राने १७,००० परत आले असते.

हातमोजे, सिरिंज, कापूस यांचे पैसे का मिळत नाहीत? ते काय आम्ही हौसेने वापरले?

राग रास्त आहे. आयआरडीएआयच्या चार याद्या आहेत. पहिलीतल्या वस्तू पॉलिसीत वेगळं संरक्षण नसेल तर मिळतच नाहीत. बाकी तीन याद्यांतल्या वस्तूंचं म्हणणं असं, की त्या खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या खर्चात किंवा उपचारांच्या खर्चात धरलेल्या आहेत, दवाखान्याने त्यांचं वेगळं बिल लावू नये. म्हणजे हा वाद खरं तर दवाखाना आणि कंपनी यांचा आहे आणि भुर्दंड पेशंटला. नवी पॉलिसी घेताना ‘कन्झ्युमेबल्स’चं जादा कव्हर बघून घ्या, याहून वेगळा उपाय माझ्याकडे नाही.

औषधांच्या बिलांत काय तपासतात?

प्रत्येक बिलावर पेशंटचं नाव, तारीख, डॉक्टरांचं नाव, औषधाचं नाव, बॅच नंबर आणि नग. प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी. तारीख भरती आणि डिस्चार्जच्या मधली हवी. आधीची किंवा नंतरची बिलं असतील, तर ती प्री आणि पोस्ट हॉस्पिटलायझेशनमध्ये वेगळी लावायची. बहुतेक पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात, तुमचे किती ते पॉलिसीत बघा.

खरी तपासणी नगांची असते. समजा एक इंजेक्शन दिवसातून दोनदा, पाच दिवस लिहिलं आहे. दहा व्हायल झाले. बिलात सोळा आहेत. सिस्टरच्या ड्रग चार्टवर दहाच सह्या. मग सहा कापले जातात, आणि ते कापले याहून वाईट म्हणजे सगळ्याच फाईलकडे संशयाने बघायला सुरुवात होते. बहुतेक वेळा यात लबाडी नसते. सिस्टरने जास्तीचं मागवलेलं असतं आणि उरलेलं मेडिकलला परत केलेलं असतं, पण परतीचं बिल फाईलला लागलेलं नसतं. डिस्चार्जच्या दिवशी मेडिकलवाल्याला ‘रिटर्नचं बिल द्या’ म्हणा आणि तेवढी रक्कम क्लेममधून स्वतःच वजा करा.

स्टेंट, गुडघ्याची वाटी, डोळ्याची लेन्स यांच्या खोक्यावर नंबर असलेलं स्टिकर असतं. ते केस पेपरवर चिकटवलेलं असावं, आणि इम्प्लांटचं बिल त्याच नंबरचं असावं.

घरी एक माणूस आला आणि कंपनीकडून आलोय म्हणतो. याचा अर्थ आमच्यावर संशय आहे का?

थोडा आहे, पण घाबरू नका. काही फायली रक्कम मोठी म्हणून जातात, काही पॉलिसी नवी म्हणून, काही त्या दवाखान्यावर कंपनीची नजर आहे म्हणून. तो इन्व्हेस्टिगेटर आधी बहुधा दवाखान्यात जाऊन आलेला असतो. तिथे तो आयपीडी रजिस्टरमध्ये तुमचा नंबर क्रमाने आहे की दोन ओळींच्या मध्ये घुसवला आहे हे बघतो. ओटी रजिस्टर, लॅबचं रजिस्टर, सिस्टरचा ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा टीपीआर चार्ट पाहतो. खाटा मोजतो. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० आणि मोठ्या शहरात १५ खाटा असाव्यात, अशी पॉलिसीतली रुग्णालयाची व्याख्या असते. दवाखान्याची स्थानिक नोंदणी असेल तर तीही पाहिली जाते.

घरी तो साधे प्रश्न विचारतो. कोणत्या मजल्यावर खोली होती, सोबत कोण झोपायचं, डॉक्टर कधी यायचे, पैसे कसे भरले, हा त्रास पहिल्यांदा कधी झाला. माहीत असेल तेवढं सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेही उत्तर आहे. त्याचं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र बघा. जबाब लिहून घेतला तर पूर्ण वाचा, रिकाम्या जागांवर रेघ मारा, मग सही करा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोऱ्या कागदावर सही मागितली तर सरळ नाही म्हणा.

दवाखाना केस पेपर द्यायला तयार नाही. ते आमचे रेकॉर्ड आहेत म्हणतात.

मूळ कागद त्यांचे, पण प्रत तुमच्या हक्काची. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. तोंडी मागू नका. अर्ज लिहा, तारीख टाका, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो.

मूळ कागद द्यायचे की झेरॉक्स?

कंपनी मूळ मागते तिथे मूळ द्या, पण पाठवण्याआधी प्रत्येक पान, मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही, स्कॅन करा. दोन पॉलिसी असतील तर पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि तिने साक्षांकित केलेल्या प्रती दुसरीकडे चालतात. क्लेम फॉर्मचा पार्ट ए तुम्ही भरायचा, पार्ट बी दवाखान्याने. पार्ट बी राहिला म्हणून परत आलेल्या फायली मी खूप पाहिल्या.

क्लेम नाकारला. पुढे कुठे जायचं?

आधी नकाराचं पत्र नीट वाचा. पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते त्यात असायलाच हवं. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, तेव्हा ती मंजुरी झाली आहे का हेही लेखी विचारा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ‘अन्याय झाला’ असं लिहून काही होत नाही. त्यांनी कोणत्या ओळीवर बोट ठेवलं आणि तुमचा कोणता कागद ती ओळ खोडतो, एवढंच लिहा. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, फोन १५५२५५.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत, गोव्याचे अर्ज मुंबईला जातात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. सुनावणीला जाताना डिस्चार्ज कार्ड, ब्रेकअप आणि केस पेपर तारखेप्रमाणे लावून न्या आणि ज्या नोंदीवर वाद आहे तिथे खूण करून ठेवा. बोलायला वेळ थोडाच मिळतो, पानं शोधण्यात तो घालवू नका.